टर्म शीटमधल्या त्या दोन ओळी: लिक्विडेशन प्रेफरन्स आणि अँटी-डायल्यूशन, पहिल्यांदा पैसे उचलणाऱ्या फाउंडरसाठी

समजा तुमच्यासमोर दोन टर्म शीट पडल्यात. दोन्ही इन्व्हेस्टर १० कोटी द्यायला तयार आहेत. पहिला म्हणतो प्री-मनी, म्हणजे पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत, ४० कोटी, दुसरा म्हणतो प्री-मनी ५० कोटी. कुठली घ्याल? आम्ही दोघा फाउंडरांनी आमच्या वेळी पन्नासवाली घेतली, वकिलाला नीट विचारलंसुद्धा नाही, कारण चाळीसपेक्षा पन्नास जास्त हे काय कुणी समजावून सांगायला पाहिजे का? पुढे कंपनी विकली तेव्हा कळलं की चाळीसवाल्या ऑफरमध्ये आमच्या हातात जास्त आले असते. फरक व्हॅल्युएशनमध्ये नव्हताच, चौथ्या पानावरच्या एका ओळीत होता.

ती ओळ लिक्विडेशन प्रेफरन्सची. तिच्या खाली एक अजून असते, अँटी-डायल्यूशनची. दोन्ही एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत नेतो, कारण वेगवेगळी उदाहरणं घेतली की सगळं वाचून झाल्यावर डोक्यात काहीच राहत नाही, असा माझा अनुभव आहे. आकडे गोल केलेत, आणि चलन कुठलंही धरा, मी नुसते कोटी लिहितोय.

आधी कॅप टेबल मांडून घ्या

कॅप टेबल म्हणजे कुणाकडे किती शेअर त्याचा तक्ता. कागद घ्या नाहीतर शीट उघडा. फाउंडर दोघे मिळून ७० लाख शेअर. ईसॉप पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर, १० लाख. झाले ८० लाख. आता इन्व्हेस्टर येतो, प्री-मनी ४० कोटी, म्हणजे एका शेअरचा भाव ४० कोटी भागिले ८० लाख, ५० झाला. १० कोटीला त्याला मिळतात २० लाख शेअर. एकूण १ कोटी शेअर, पोस्ट-मनी म्हणजे पैसे आल्यानंतरची किंमत ५० कोटी, इन्व्हेस्टरकडे २०%, तुमच्या दोघांकडे ७०%, ईसॉप १०%. (ईसॉप पूर्ण वाटून झालाय असं धरलंय, खऱ्या विक्रीत न वाटलेला पूल सहसा मोजणीतून गळतो आणि सगळ्यांचं थोडं वाढतं, पण ते आत्ता सोडून द्या.)

आता महत्त्वाचं. इन्व्हेस्टरला तुमच्यासारखे साधे शेअर मिळत नाहीत, त्याला प्रेफर्ड मिळतात. तुमचे कॉमन. प्रेफर्डवाल्याला हवं तेव्हा आपले शेअर कॉमनमध्ये बदलून घेता येतात. पुढचं सगळं नाटक या "हवं तेव्हा" आणि "किती" वर चालतं. कधी बदलायचं हे प्रेफरन्समुळे ठरतं, किती मिळणार हे अँटी-डायल्यूशनमुळे.

प्रेफरन्स असतोच का

नवीन फाउंडरला हे वाचून राग येतो, की विकली तर पैसे आधी त्याला का? मलाही आला होता. पण असा विचार करा. आज १० कोटी बँकेत आले आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी कंपनी बरोबर १० कोटीला मागितली, म्हणजे जवळपास तेच पैसे परत. प्रेफरन्स नसेल तर इन्व्हेस्टरला २०% म्हणजे २ कोटी, आणि तुम्हा दोघांना ७ कोटी. त्याचेच पैसे, आणि घेऊन तुम्ही गेलात. हे कुणीच मान्य करणार नाही. म्हणून निदान टाकलेले पैसे आधी परत, ही मागणी रास्त आहे, तिच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका. भांडायचं ते पुढच्या शब्दावर.

पुढचा शब्द: नॉन-पार्टिसिपेटिंग की पार्टिसिपेटिंग

वन एक्स म्हणजे टाकलेल्या पैशाची एक पट. वन एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग म्हणजे इन्व्हेस्टरने दोनपैकी एक निवडायचं. एकतर आपले १० कोटी घ्यायचे आणि बाजूला व्हायचं, नाहीतर कॉमनमध्ये बदलून २०% घ्यायचे. दोन्ही नाही.

कंपनी ३० कोटीला विकली असं धरू. २०% म्हणजे ६ कोटी, त्यापेक्षा १० जास्त, म्हणून तो १० घेतो. उरले २० कोटी, ते ८० लाख कॉमनमध्ये वाटले जातात, तुम्हा दोघांचे ७० लाख म्हणून १७.५ कोटी तुम्हाला. कॅप टेबलवर ७०% दिसत होतं, प्रत्यक्षात अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास मिळालं. तो बदलून कधी घेईल? जेव्हा २०% ची रक्कम १० कोटीच्या वर जाईल, म्हणजे विक्री ५० कोटीच्या वर. हा आकडा पोस्ट-मनीच आहे बघा, योगायोग नाही.

आणि यातली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. १० ते ५० कोटीच्या मधे कितीलाही विका, इन्व्हेस्टरला १० च मिळतात. २० ला विकली काय नि ४५ ला विकली काय, त्याला फरक शून्य. तुम्हाला मात्र प्रत्येक कोटीचा फरक पडतो. त्यामुळे या टप्प्यात ऑफर आली की बोर्डात एकदम विचित्र वातावरण होतं, तुम्ही अजून ५ कोटीसाठी घासाघीस करताय आणि तो म्हणतोय उरकून टाका, किंवा उलट म्हणतोय विकूच नका, अजून मोठं करा. त्याचा स्वभाव वाईट नाहीये, त्याचा आलेख तिथे सपाट आहे एवढंच.

आता पार्टिसिपेटिंग. यात तो आधी १० कोटी घेतो *आणि* उरलेल्यातही २०% घेतो. तीच ३० कोटीची विक्री: आधी १०, उरले २०, त्यातले ४, एकूण १४ त्याला. तुम्हाला १७.५ ऐवजी १४. १०० कोटीला विकली तर नॉन-पार्टिसिपेटिंगवाल्याला २०, पार्टिसिपेटिंगवाल्याला १० अधिक ९० चे २०%, म्हणजे २८. म्हणजे कंपनी चांगली चालली तरी हे ओझं उतरत नाही, ते कायम डोक्यावर.

टर्म शीटमध्ये हा शब्द ठळक लिहिलेला असेलच असं नाही. शोधायचं काय, तर प्रेफरन्सच्या वाक्यानंतर "त्यानंतर उरलेली रक्कम" कुणाकुणात वाटायची ते. उरलेली रक्कम "कॉमन शेअरधारकांना" असेल तर नॉन-पार्टिसिपेटिंग. "कॉमन आणि प्रेफर्ड यांना, प्रेफर्ड कॉमनमध्ये बदलल्यासारखं धरून" असं असेल तर पार्टिसिपेटिंग. आमच्या कागदावर दुसरं होतं, आणि पार्टिसिपेटिंग हा शब्द अख्ख्या टर्म शीटमध्ये एकदाही नव्हता.

मधला एक प्रकार असतो, कॅप लावलेलं पार्टिसिपेटिंग. म्हणजे एकूण मिळून २ पटीपर्यंतच, २० कोटीपर्यंत. आपल्या उदाहरणात ६० कोटीच्या विक्रीला तो २० वर पोचतो आणि तिथून १०० कोटीपर्यंत २० वरच थांबतो, मग १०० च्या वर गेलं की बदलून घेतो. सपाट टप्पा इथेही आलाच, फक्त वर सरकला.

शीटवर करून बघा, पाच मिनिटं लागतात

A कॉलममध्ये A2 पासून खाली विक्रीची रक्कम कोटीत टाका, ५, १०, २०, ३०, ५०, १००, २५०, ३००. B मध्ये नॉन-पार्टिसिपेटिंग, C मध्ये पार्टिसिपेटिंग, इन्व्हेस्टरला किती ते:

```
=MAX(MIN(A2,10), A2*20%)
=MIN(A2,10) + MAX(A2-10,0)*20%
```

आता सुरुवातीच्या त्या दोन ऑफर घ्या. पहिली: प्री-मनी ४०, नॉन-पार्टिसिपेटिंग, इन्व्हेस्टरकडे २०%. दुसरी: प्री-मनी ५०, पार्टिसिपेटिंग, पोस्ट-मनी ६०, म्हणून त्याच्याकडे फक्त १६.६७%. C च्या सूत्रात २०% च्या जागी १/६ टाका आणि खाली ओढा. ४० कोटीच्या विक्रीला पहिल्या ऑफरमध्ये इन्व्हेस्टर १० नेतो, दुसऱ्यात १५. १०० कोटीला पहिल्यात २०, दुसऱ्यात २५. दुसरी ऑफर तुमच्यासाठी चांगली कधी होते? विक्री २५० कोटीच्या वर गेली तर. तिथे दोन्हीकडे बरोबर ५०-५० येतात. म्हणजे ज्या दहा कोटीच्या जादा व्हॅल्युएशनवर आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या, ते आमच्या कामाचं व्हायला कंपनी आत्ताच्या पोस्ट-मनीच्या चौपटीहून जास्त किमतीला विकावी लागणार होती. आमची त्याच्या आसपासही नाही गेली.

म्हणून ऑफर आली की व्हॅल्युएशन बघायच्या आधी ही दोन कॉलमची शीट करा, आणि इन्व्हेस्टर "व्हॅल्युएशन वाढवून देतो पण पार्टिसिपेटिंग ठेवू" म्हणाला तर समजून जा की तो आकडा तुम्हाला देतोय आणि पैसा स्वतःकडे ठेवतोय.

कशाच्या आधी, कशाच्या नंतर

प्रेफरन्स कॉमनच्या आधी असतो, पण सगळ्यांच्या आधी नसतो. ३० कोटीची बातमी आली तरी आधी कर्ज फिटतं, बँकर आणि वकिलांची फी जाते, काही रक्कम वर्षभर एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, अडकून राहते. ३ कोटी असे गेले की वाटायला २७ उरतात, पण इन्व्हेस्टरचे १० ते १० च, म्हणजे कापलेले तिन्ही कोटी कॉमनच्याच वाट्यातून गेले. हे फाउंडरच्या हमखास लक्षात येत नाही.

दुसरं, "लिक्विडेशन" या शब्दावर जाऊ नका, त्याचा दिवाळ्याशी फार संबंध नाही. व्याख्येत बघा, त्यात कंपनीची विक्री, मर्जर, कंट्रोल बदलणं, सगळी मालमत्ता किंवा टेक्नॉलॉजी विकणं हे सगळं घातलेलं असतं, आणि ते ठीकच आहे. पण त्यात साधा नवीन फंडिंग राउंड घुसेल अशी ढिली भाषा असेल तर ती बंद करून घ्या. आयपीओच्या वेळी प्रेफर्ड सहसा आपोआप कॉमन होतात आणि प्रेफरन्स संपतो, ती अटही नीट लिहिलेली हवी.

तिसरं, "मूळ रक्कम अधिक साठलेला डिव्हिडंड". ८% क्युम्युलेटिव्ह लिहिलं असेल तर १० कोटीचा प्रेफरन्स पाच वर्षांनी चक्रवाढीने १४.६९ कोटी होतो. वर वन एक्स लिहिलंय म्हणून तुम्ही निवांत, आणि खाली तो दीडपट व्हायला निघालाय. "जाहीर केला असेल पण दिलेला नसेल तो डिव्हिडंड" एवढंच असेल तर मात्र काळजी नाही.

आणि राउंड वाढत गेले की प्रेफरन्स एकावर एक चढतात. नंतर आलेला आधीच्याच्या वर बसला तर ते सीनियर, सगळे एका ओळीत असतील आणि कमी पडलं तर आपापल्या प्रमाणात वाटून घेणार असतील तर परी पासू. फाउंडरला पैशात थेट फरक पडत नाही, कारण तुम्ही दोन्हीकडे खालीच, पण इन्व्हेस्टरांची आपसात भांडणं परी पासूमध्ये कमी होतात. फाउंडरने बघायचं ते एकूण थराची उंची. फॅनड्यूल ही फॅंटसी स्पोर्ट्सवाली कंपनी २०१८ मध्ये पॅडी पॉवर बेटफेअरच्या अमेरिकन धंद्यात विलीन झाली तेव्हा प्रेफर्डवाल्यांचा थर ५५.९ कोटी डॉलरचा होता आणि व्यवहारात कंपनीची किंमत त्याच्या वर धरली गेली नाही, त्यामुळे फाउंडर आणि कर्मचाऱ्यांच्या कॉमनला काहीच आलं नाही. किंमत बरोबर लावली का यावर पुढे कोर्टबाजी झाली, तो वेगळा विषय. पण नुसतं गणित बघा, थरापेक्षा किंमत कमी की कॉमन शून्य, मग तुमच्याकडे किती टक्के हा प्रश्नच उरत नाही.

आता अँटी-डायल्यूशन

नाव फसवं आहे. पुढच्या राउंडमध्ये नवे शेअर निघाले की टक्के सगळ्यांचेच कमी होतात, इन्व्हेस्टरचेही, त्याविरुद्ध हा क्लॉज नाहीच. हा फक्त एका परिस्थितीत जागा होतो, पुढचे शेअर त्याच्या भावापेक्षा *कमी* भावाने विकले गेले तर. म्हणजे डाउन राउंड.

काम कसं करतो ते बघा. प्रेफर्डला एक कन्व्हर्जन प्राइस असते, सुरुवातीला ती त्याच्या खरेदीच्या भावाइतकीच, ५०. १० कोटी भागिले ५०, बदलून २० लाख कॉमन. डाउन राउंड झाला की ही कन्व्हर्जन प्राइस खाली आणतात, भागाकार मोठा होतो, त्याला जास्त कॉमन मिळतात. त्याच्या हातातले प्रेफर्ड शेअर तेवढेच राहतात, त्याचा १० कोटीचा प्रेफरन्सही तेवढाच. फक्त बदलताना किती मिळणार ते वाढतं, आणि ते वाढलेलं येतं तुमच्या टक्क्यातून.

कितीने खाली आणायची, यावर सगळी लढाई आहे.

आपल्या कंपनीचं दोन वर्षांनी बिनसलं. नवा इन्व्हेस्टर ५ कोटी देतोय पण भाव लावतोय २५. त्याला २० लाख शेअर. काहीच संरक्षण नसतं तर एकूण १२० लाख, तुम्ही दोघे ५८.३३%, जुना १६.६७%, नवा १६.६७%.

ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेजचं सूत्र असं:

```
CP2 = CP1 × (A + B) / (A + C)
```

CP1 म्हणजे जुनी कन्व्हर्जन प्राइस, CP2 म्हणजे नवी. A म्हणजे राउंडच्या आधीचे सगळे शेअर, ईसॉप आणि बदललेले प्रेफर्ड धरून, इथे १०० लाख. B म्हणजे आलेल्या पैशात *जुन्या* भावाने किती शेअर आले असते, ५ कोटी भागिले ५०, १० लाख. C म्हणजे खरोखर किती निघाले, २० लाख. तर ५० गुणिले ११० भागिले १२०, ४५.८३. जुन्याला आता २१.८२ लाख कॉमन मिळतील, म्हणजे १.८२ लाख जास्तीचे. तुम्ही दोघे ५७.४६%. एक टक्काही गेला नाही. हे सहन होण्यासारखं आहे.

फुल रॅचेट सरळ म्हणतो, नवा भाव २५ ना, मग माझाही २५. १० कोटी भागिले २५, ४० लाख. एकूण १४० लाख. तुम्ही ५०%, जुना २८.५७%, नवा १४.२९%. त्याचे शेअर दुप्पट झाले आणि त्याने एक पैसा जास्तीचा टाकलेला नाही.

आणि रॅचेटची खरी चीड आणणारी गोष्ट ही की त्याला राउंड केवढा होता याच्याशी देणंघेणं नाही. समजा एका सल्लागाराला तुम्ही २५ च्या भावाने फक्त १०,००० शेअर दिलेत. वेटेड ॲव्हरेजमध्ये A १०० लाख, B ०.०५ लाख, C ०.१ लाख, नवी किंमत ४९.९७ च्या पुढे, म्हणजे काहीच झालं नाही. रॅचेटमध्ये त्याच १०,००० शेअरांमुळे किंमत धाडकन २५ वर, आणि जुन्याला २० लाख फुकट.

नॅरो-बेस्ड म्हणून एक मधला प्रकार दिसेल, सूत्र तेच पण A मध्ये फक्त प्रेफर्ड धरतात. इथे A २० लाख धरला तर किंमत ३७.५ येते आणि तुम्ही ५५.२६% वर. म्हणून नुसतं "वेटेड ॲव्हरेज" वाचून खूश होऊ नका, A ची व्याख्या वाचा.

नवा इन्व्हेस्टर गप्प बसत नाही

वर रॅचेटमध्ये नव्याला १४.२९% मिळाले असं लिहिलं, पण तो ५ कोटी टाकतोय ते १६.६७% साठी. त्याचा वकील कॅप टेबल बघून लगेच म्हणणार की जुन्याचे जादा शेअर आधी धरा, मग माझा भाव काढा. भाव २५ च्या खाली जातो. पण रॅचेट जुन्यालाही त्या नव्या भावावर आणतो, म्हणजे जुन्याचे अजून वाढतात, म्हणजे नव्याचा भाव अजून खाली, म्हणजे जुन्याचे अजून... शीट तुम्हाला सर्क्युलर रेफरन्सचा एरर देते ती इथेच.

हे हाताने सोडवता येतं. नव्याचे शेअर N धरा. जुन्याचे पैसे दुप्पट आणि भाव तोच, म्हणून त्याचे 2N. एकूण ८० लाख अधिक 3N, आणि N हा त्याचा सहावा भाग. N निघतो २६.६७ लाख, भाव १८.७५. एकूण शेअर १६० लाख. जुना ३३.३३%, नवा १६.६७%, ईसॉप ६.२५%, आणि तुम्ही दोघे ४३.७५%. काल ७०% होते, आलेत फक्त ५ कोटी. बहुमत गेलं.

अशा वेळी प्रत्यक्षात बहुतेकदा काय होतं तर नवा म्हणतो जुन्याने रॅचेट सोडला तरच मी येतो, आणि मग तीन बाजूंची ओढाताण सुरू होते, जिच्यात पगाराचे पैसे संपत आलेली बाजू तुमची असते. म्हणून टर्म शीटमध्येच लिहून घ्या की हे संरक्षण प्रेफर्डच्या बहुमताने सोडता येईल, एकेका इन्व्हेस्टरची सही लागणार नाही. एकटा छोटा इन्व्हेस्टर अख्खा राउंड अडवून धरू शकतो नाहीतर.

मोठ्या कंपन्याही यात सापडतात बरं का. स्क्वेअर ही पेमेंटवाली कंपनी नोव्हेंबर २०१५ मध्ये आयपीओला आली तेव्हा भाव निघाला ९ डॉलर. आधीच्या राउंडमध्ये सिरीज ई वाल्यांनी १५.४६ ने घेतले होते आणि त्यांना आयपीओमध्ये निदान १८.५६ ची हमी होती, रॅचेटमधून. ती भरून काढायला कंपनीला त्यांना जादा शेअर द्यावे लागले, आणि ते डायल्यूशन बाकी सगळ्यांनी सोसलं.

कुठला क्लॉज कुठे चावतो

हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. डाउन राउंड झाला, फुल रॅचेट लागला, एकूण १४० लाख शेअर, नव्यालाही वन एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग. आता ३० कोटीला विका. जुन्याला बदलून ९ सुद्धा येत नाहीत, तो आपले १० घेतो. नवाही आपले ५ घेतो. उरले १५, तुमचे १३.१३. रॅचेट नसता तरी हेच उत्तर आलं असतं! कुणी बदललंच नाही तर बदलायचा दर काय होता याला अर्थ नाही. आता १०० कोटीला विका. सगळे बदलतात, तुम्हाला रॅचेटमध्ये ५० कोटी, वेटेड ॲव्हरेजमध्ये ५७.४६, काहीच नसतं तर ५८.३३.

म्हणजे छोट्या विक्रीत प्रेफरन्स खातो, मोठ्या विक्रीत रॅचेट खातो. पार्टिसिपेटिंग दोन्हीकडे खातं. म्हणून घासाघीशीला जोर थोडाच असेल तर माझ्या मते तो आधी पार्टिसिपेटिंग काढण्यावर लावा, मग रॅचेटवर, आणि व्हॅल्युएशन तिसऱ्या नंबरवर. काही लोक रॅचेट पहिला म्हणतात, कारण त्यात कंट्रोल जातो, आणि ज्यांची पुढच्या वर्षात पुन्हा पैसे उचलायची वेळ येणार आहे त्यांच्यासाठी ते बरोबरही आहे.

रॅचेट अजिबात निघत नसेल तर त्याला मुदत लावा, १२ किंवा १८ महिने, त्यानंतर आपोआप वेटेड ॲव्हरेज. किंवा पे-टू-प्ले मागा, म्हणजे डाउन राउंडमध्ये जो आपल्या वाट्याचे पैसे टाकेल त्यालाच संरक्षण. अडचणीच्या वेळी हात वर करायचे आणि शेअर मात्र वाढवून घ्यायचे, हे त्याने बंद होतं.

अपवादांची यादी दोन्ही प्रकारांत लागते. ईसॉपचे शेअर, प्रेफर्ड बदलून झालेले कॉमन, शेअर स्प्लिट किंवा बोनस, आधीच्या कन्व्हर्टिबल नोटमधून निघणारे शेअर, कर्ज देणाऱ्याला दिलेले वॉरंट, यातल्या कशानेही क्लॉज जागा होणार नाही असं स्पष्ट लिहा. ईसॉप विसरलात तर कर्मचाऱ्याला नाममात्र भावाने दिलेले शेअरसुद्धा डाउन राउंड धरले जातील, आणि रॅचेट असेल तर काय होतं ते वर पाहिलंतच.

मोठ्या करारात पुन्हा वाचा

टर्म शीट दोन-चार पानांची, त्यावर सही झाली की महिनाभराने साठ पानांचा करार येतो, आणि तोवर सगळे थकलेले असतात, सही करून पैसे कधी येतात याची घाई. बंधनकारक असतो तो हा करार, टर्म शीटमधले बरेचसे मुद्दे बंधनकारक नसतात. त्यात पाच जागा बोट ठेवून वाचा: लिक्विडेशन इव्हेंटची व्याख्या, प्रेफरन्सच्या रकमेत डिव्हिडंड कुठला धरलाय, उरलेली रक्कम कुणाला, कन्व्हर्जन प्राइसच्या सूत्रातला A, आणि अपवादांची यादी. अजून एक, प्रेफरन्स *मूळ खरेदीच्या भावावर* मोजलेला हवा आणि कन्व्हर्जन प्राइस हा वेगळा शब्द हवा. एका मसुद्यात मी पाहिलंय की अँटी-डायल्यूशनने वाढलेल्या शेअरांना मूळ भावाने गुणून प्रेफरन्स काढलेला, म्हणजे आपल्या उदाहरणात ४० लाख गुणिले ५०, १० कोटीचा प्रेफरन्स गुपचूप २० कोटी. समोरच्या वकिलाला दाखवल्यावर तो म्हणाला टायपिंगची चूक आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवला.

वकिलाला मसुदा पाठवताना "बघून घ्या" एवढंच लिहू नका. त्याला तुमची शीट पाठवा आणि विचारा, या करारानुसार ५, ३०, ५० आणि १०० कोटीच्या विक्रीला प्रत्येकाला किती येतात, आणि २५ च्या भावाने ५ कोटी उचलले तर कॅप टेबल कशी होते, ते भरून द्या. त्याचे आकडे तुमच्याशी जुळले नाहीत तर कुठल्या कलमामुळे जुळत नाहीत ते विचारा, आणि ते कळेपर्यंत सही करू नका.